पालकांची काळजी प्रार्थनेत आणणाऱ्या गुरुजींस

आदरणीय गुरुजींस,
सादर नमस्कार.

शाळा उघडली त्या दिवशी आपण केलेले छोटे भाषण आणि आपण लिहिलेली प्रार्थना यांबद्दल शाळा व्यवस्थापन समितीच्या वतीने, आणि एक पालक म्हणून माझ्या स्वतःच्या वतीनेही, हे आभाराचे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

धारूरच्या या डोंगरपट्ट्यात जूनमध्ये शाळेत आलेल्या पालकाच्या मनात जूनची नव्हे, दिवाळीनंतरची काळजी असते. ऊसतोडीला जाण्यासाठी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवराबायकोच्या जोडीचा कोयता ठरलेला असतो, आणि पोराला फडावर न्यायचे, आजीजवळ ठेवायचे की हंगामी वसतिगृहाच्या भरवशावर सोडायचे, हा प्रश्न आताच घरात सुरू झालेला असतो. प्रवेशोत्सवातल्या फुलांना, नव्या पुस्तकांना आणि गोड घासाला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. आपण भाषणाच्या दुसऱ्याच वाक्यात त्याला हात घातला, तेव्हा मागे बसलेल्या बायकांची कुजबुज थांबली. "तुम्ही जाणार आहात हे आम्हाला ठाऊक आहे, त्याबद्दल इथे कोणी तुम्हाला दोष देणार नाही, मूल कुठे राहणार एवढे मात्र दसऱ्याआधी वर्गशिक्षकांना सांगा," असे आपण म्हणालात. वसतिगृहाची गरज असलेल्या मुलांची यादी वेळेवर झाली नाही तर पुढे सगळेच अडते, हे आपण जाणत होतात. म्हणून दिलासा आणि करायचे काम ही दोन्ही एकाच वाक्यात आली. एरवी अशा प्रसंगी पालकांना "मुलांकडे लक्ष द्या" असे सुनावण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे.

प्रार्थनेविषयीही लिहिले पाहिजे. नारळ फोडून, सरस्वतीपूजन करून सुरुवात करावी, असा काहींचा आग्रह होता. शाळा जिल्हा परिषदेची, म्हणजे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणारी आहे. अशा शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही आणि कोणत्याही मुलाला संमतीशिवाय उपासनेत सामील करून घेता येत नाही, असे संविधानाचे अनुच्छेद 28 सांगते, हे आपण बैठकीत न चिडता समजावले. त्यानंतर आपण कोणत्याही देवाचे नाव न घेता प्रार्थना लिहिली आणि ज्यांना म्हणायची नाही त्यांनी नुसते शांत उभे राहावे, असे आधीच जाहीर केले. पसायदानात ज्ञानेश्वरांनी स्वतःसाठी काही न मागता सर्वांसाठी मागितले, तोच धागा आपण धरलात असे मला वाटते. म्हणूनच पठाणांच्या पोरीला आणि वारकऱ्याच्या नातवाला ती सारखीच आपली वाटली.

जे पालक त्या दिवशी कामावर होते त्यांच्यासाठी ती इथे उतरवून देतो:

"हे विश्वाच्या चालका, या अंगणातल्या लेकरांना समजेपर्यंत विचारण्याचे धैर्य दे, आणि उत्तर आले नाही म्हणून तोंड लपवण्याची पाळी त्यांच्यावर आणू नकोस. जे आईबाप पोटासाठी दूर जातील, त्यांच्या मागे राहिलेल्या लेकराला 'जेवलास का?' असे विचारणारे माणूस रोज भेटू दे. शिक्षकांच्या हाताला आणि जिभेला संयम दे, आणि हजेरी घेताना गैरहजर नावाशी त्यांचे पेन क्षणभर थांबू दे."

प्रत्येक वाक्यानंतर सर्वांनी "आम्हाला बळ दे" एवढेच म्हणायचे होते. पहिलीच्या पोरांना आणि अक्षरओळख नसलेल्या आजीलाही ते पहिल्या खेपेतच जमले. पहिला नंबर, शंभर टक्के निकाल, डॉक्टर, कलेक्टर यांतले काहीही आपण मागितले नाही, हे दहावीच्या एका पालकाला खटकले होते, हेही प्रामाणिकपणे कळवतो. मला मात्र तेच योग्य वाटले, कारण शेजारीच उभ्या असलेल्या, मागच्या वर्षी तीन महिने फडावर काढून आलेल्या मुलाला ते मागणे आपल्यासाठी नाही हे लगेच कळले असते.

शिक्षकांसाठीचे वाक्य ऐकताना आमचे दोन शिक्षक जरा अवघडले. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई आहे, हे त्यांना माहीत नव्हते असे नाही. पण परिपत्रकातून आलेली सूचना आणि पालकांसमोर स्वतःच्या तोंडून मागितलेला संयम यांत फरक आहे. आता गैरहजर मुलाच्या घरी त्याच दिवशी निरोप धाडायचा, असे वर्गशिक्षकांनीच ठरवले आहे.

भाषण आणि प्रार्थना मिळून सारे दहा मिनिटांत आटोपले आणि मुले उन्हात ताटकळली नाहीत, याबद्दल वेगळे आभार.

एक विनंती आहे. दिवाळीनंतर ट्रक भरायला लागतील, त्याआधीच्या पालकसभेत प्रार्थनेतले मधले वाक्य आपण पुन्हा येऊन म्हणावे. तारीख मुकादमांना विचारूनच ठरवावी लागेल. ती ठरली की मी स्वतः घरी येऊन कळवीन.

आपला नम्र,
अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती