चि. निखिलला, काट्याच्या पावत्यांबद्दल

दांडिया बाजार, बडोदा
२८ जून

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

कंपनीतल्या भंगाराच्या गैरव्यवहाराबद्दलच्या तुझ्या रिपोर्टचा मसुदा काल रात्री दोनदा वाचला. तू गप्प बसला नाहीस याचा मला अभिमान आहे. पण हा कागद असाच पुढे गेला तर चौकशी दुसऱ्याच दिवशी तुझ्यावर उलटेल. म्हणून फोनवर न बोलता सविस्तर लिहिते आहे.

तुझं पहिलंच वाक्य बघ. ‘गेले कित्येक दिवस भंगाराचा ठेकेदार आणि स्टोअरचे साहेब संगनमताने कंपनीला लुबाडत आहेत.’ यात ‘कित्येक’ची तारीख नाही. ‘संगनमत’ तू डोळ्यांनी पाहिलेलं नाहीस. आणि ‘लुबाडत आहेत’ हा निकाल आहे, तो देणं तुझं काम नाही. हे वाक्य पूर्ण काढून टाक.

तुझ्याकडे खरोखर काय आहे? काट्याच्या चार पावत्या. रिकामा ट्रक आत येताना काट्यावर चढतो, भरून जाताना पुन्हा चढतो, आणि दोन वजनांतला फरक म्हणजे विकलेलं भंगार. तुझ्या टिपणाप्रमाणे एकाच नंबरच्या ट्रकचं रिकामं वजन ५ जूनला ५,९२० किलो, १२ला ५,९४०, १९ला ६,४१० आणि २६ला ६,४३०. म्हणजे शेवटच्या दोन खेपांना ट्रक सुमारे ४९० किलोंनी जड निघाला. रिकामा ट्रक जितका जड दाखवला जाईल, तितकं भंगार पैसे न देता बाहेर जातं. हे चार आकडे पावती क्रमांकांसह एकाखाली एक लिही. बाकी काही न बोलता ते वाचणाऱ्याला थांबवतील.

त्यांच्याखालीच, वजन वाढण्याची सरळ कारणं कोणती असू शकतात तेही लिही. डिझेलची २०० लिटरची टाकी पूर्ण भरली तर साधारण १६५ किलो वाढतात. दोन माणसं जास्त बसली तर आणखी सव्वाशे-दीडशे. एवढ्याने ४९० भरत नाहीत, पण काटाच बिघडलेला असू शकतो. त्याची शहानिशा करायला सोपी वाट आहे: १९ आणि २६ तारखेला त्याच काट्यावर आलेल्या दुसऱ्या गाड्यांची रिकामी वजनं आधीच्या पावत्यांशी जुळतात का? रोज येणाऱ्या टँकरचं वजन जागच्या जागी असेल, तर काट्याला दोष देता येणार नाही. तुला त्या पावत्या बघण्याचा अधिकार नसेल तर त्या काढू नकोस, ‘या पडताळून पाहाव्यात’ एवढंच लिही.

आता १९ तारखेची संध्याकाळ. तू लिहिलंस, ‘ट्रकमधून वाळूच्या गोण्या उतरवल्या.’ वाळू तू पाहिलीस का? परवा फोनवर मी हेच विचारलं, तर तू म्हणालास की गोण्या बंद होत्या. मग ते वाक्य असं व्हायला हवं:

‘१९ जून रोजी संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटांनी (माझ्या मोबाईलचं घड्याळ) मी पॅनेल रूमच्या दारात उभा होतो. ट्रक काट्यावरून उतरून बॉयलर हाऊसच्या मागे थांबला. माझ्यापासून अंतर अंदाजे ५० पावलं, उजेड पुरेसा होता. दोन माणसांनी ताडपत्री वर करून गोण्या खाली उतरवल्या. मी आठ मोजल्या, एखादी सुटली असेल. गोण्यांत काय होतं ते मी पाहिलं नाही. त्या माणसांना मी ओळखत नाही.’

शेवटची तीन वाक्यं तुला कमकुवत वाटतील, पण त्यांच्यामुळेच वरच्या ओळींवर विश्वास बसतो. कोणाचं घड्याळ तेही लिहायचं, कारण काट्याचा कॉम्प्युटर, गेटवरचं हातानं भरलेलं रजिस्टर आणि कॅमेरा या तिघांच्या वेळा सहसा जुळत नाहीत. नाही सांगितलं तर दहा मिनिटांच्या फरकावरून तुला खोटं ठरवतील.

मी हे अनुभवाने सांगते. ऑडिटच्या माझ्या नोकरीत एकदा स्टोअरमधली तफावत मी अगदी बरोबर पकडली होती. पण एका प्रसंगाची तारीख दुसऱ्या कुणी सांगितलेली होती आणि मी ती स्वतः पाहिल्यासारखी लिहिली. हजेरीपटात तो माणूस त्या दिवशी रजेवर निघाला. एका तारखेमुळे बाकीची सगळी पानं बाजूला ठेवली गेली. ती पानं खरी होती, याचं दुःख अजून जात नाही.

म्हणून गार्डचं बोलणं वेगळ्या परिच्छेदात लिही. तो म्हणाला ते त्याच्याच हिंदीत, शब्दाला शब्द: ‘ये तो हर हफ्ते का है।’ कधी, कुठे आणि कशाच्या संदर्भात म्हणाला तेही लिही, आणि ‘हे मी स्वतः पाहिलेलं नाही’ असं स्पष्ट सांग. ऐकीव म्हणून ते गाळू नकोस. खात्याच्या चौकशीत कोर्टाइतके पुराव्याचे कडक नियम लागत नाहीत. हरियाणातल्या एका बस कंडक्टरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली हेच सांगितलं आहे. पण ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच दिसली पाहिजे.

गार्डला पुन्हा जाऊन विचारू नकोस, त्याची सही मागू नकोस. तू त्याच्याशी जितकं बोलशील तितकं त्याच्या आठवणीत तुझं बोलणं मिसळेल, आणि उद्या ‘याने शिकवलं’ असं म्हणतील. त्याची नोकरीही ठेकेदाराकडची आहे, तो तुझ्यापेक्षा लवकर जाईल. त्याचं नाव वेगळ्या बंद कागदावर दे आणि ते गुप्त ठेवण्याची विनंती कर. काट्याच्या केबिनमध्ये बसलेल्या मुलाबद्दल तू ‘त्याला सगळं माहीत आहे’ लिहिलंस, तेही बदल. तो केबिनमध्ये होता एवढंच तू पाहिलंस. त्याला खिडकीतून मागची बाजू दिसते का, हे चौकशी करणारे जाऊन बघतील.

पावत्यांवर स्टोअरच्या साहेबांची सही आहे, तेव्हा रिपोर्ट त्यांच्या हातून वर पाठवू नकोस. साहेबांबद्दल मात्र एवढीच ओळ: ‘चारही पावत्यांवर त्यांची सही आहे.’ सही करताना त्यांनी ट्रक पाहिला होता की नुसता कागद, तुला माहीत नाही. तुमची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे, म्हणजे २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १७७ प्रमाणे अशा तक्रारींसाठी ठरलेली यंत्रणा तिथे असायलाच हवी. गरज पडली तर ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाण्याची सोयही त्यात असते. धोरणाचा कागद शोध आणि त्यातल्या पत्त्यावर पाठव, स्वतःच्या नावाने.

एक गोष्ट मात्र उद्याच कर. कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. १९ आणि २६ जूनला संध्याकाळी पावणेसहा ते पावणेसातचं बॉयलर हाऊसच्या बाजूचं चित्रण जपून ठेवावं, ही मागणी रिपोर्टच्या पहिल्या परिच्छेदात घाल. स्वतः कॉपी करायला जाऊ नकोस. २६ तारखेला तू काय पाहिलंस तेही अजून लिहिलेलं नाहीस. आज रात्रीच लिही, आणि ‘दोन दिवसांनी आठवून लिहिलं’ असं त्यावर नमूद कर.

नवा मसुदा पाठवण्याआधी मला वाचून दाखव. बाबा म्हणतात, रात्री नऊनंतर फोन कर, तोवर त्यांचंही जेवण झालेलं असतं.

तुझी,
आई