आठ वजीर : श्रेय नेमके कोणाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आठ वजिरांच्या कोड्यावर आलेला लेख आवडला. बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर असे ठेवायचे की कोणीही कोणाच्या माऱ्यात येऊ नये, आणि अशा सगळ्या मांडण्या संगणकाकडून शोधून घ्यायच्या, हा विषय वर्तमानपत्रात वाचायला मिळणे तसे दुर्मीळच. मात्र लेखातली एक तुलना मला पटली नाही आणि छापलेल्या प्रोग्रॅममधली एक ओळ गळली आहे. या दोन्हींबद्दल हे पत्र.

लेखक म्हणतात की ब्रूट फोर्सने, म्हणजे सगळ्या शक्यता सरसकट पाहत गेलो तर, ४,४२,६१,६५,३६८ मांडण्या तपासाव्या लागतात, तर बॅकट्रॅकिंगने, म्हणजे वाट बंद होताच मागे फिरत गेलो तर, दोन हजारांच्या आसपास. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पण ते असे शेजारी ठेवले की सगळी बचत बॅकट्रॅकिंगने केली असे वाटते, आणि तसे नाही. ६४ घरांपैकी कोणतीही आठ निवडली तर ४४२ कोटींचा आकडा येतो. पण एका आडव्या ओळीत दोन वजीर चालत नाहीत हे शाळकरी पोरही सांगेल. ओळी आठ आणि वजीरही आठ, म्हणून प्रत्येक ओळीत एकच वजीर असणार. एवढे मान्य केले की प्रत्येक ओळीतला वजीर कोणत्या स्तंभात, एवढाच प्रश्न उरतो आणि आकडा १,६७,७७,२१६ वर येतो. स्तंभही वेगवेगळेच हवेत हे धरले की उरतात १ ते ८ या अंकांचे क्रमबदल, म्हणजे ४०,३२०. इथपर्यंत बॅकट्रॅकिंगचा संबंधच आलेला नाही. प्रश्न नीट मांडल्यानेच काम एक लाख पटीहून अधिक कमी झाले आणि राहिलेले ४०,३२० क्रमबदल एकेक करून तपासणे हेही ब्रूट फोर्सच आहे. १८४८ मध्ये माक्स बेझेल यांनी हे कोडे मांडल्यावर दोनच वर्षांत फ्रांझ नाऊक यांनी ९२ ही उत्तरांची संख्या सांगितली होती, तीही संगणकाशिवाय. ४४२ कोटींच्या वाटेने ते गेले नसणार हे उघड आहे.

मग बॅकट्रॅकिंग करते काय? पहिल्या ओळीपासून सुरुवात करून दर ओळीत डावीकडून पहिले सुरक्षित घर घेत गेलो, तर पहिल्या पाच ओळींत वजीर १, ३, ५, २ आणि ४ या स्तंभांत बसतात. सहाव्या ओळीसाठी ६, ७, ८ हे स्तंभ मोकळे आहेत. सहावे घर पहिल्या वजिराच्या तिरप्या माऱ्यात आहे, सातवे दुसऱ्याच्या आणि आठवे तिसऱ्याच्या. पट काढून बघा, तिन्ही तिरप्या रेषा लगेच दिसतात. म्हणजे वाट बंद. बॅकट्रॅकिंग इथून पाचव्या ओळीत परत जाते आणि तिथला वजीर पुढच्या सुरक्षित घरात, म्हणजे आठव्या स्तंभात, नेते. पुन्हा सहाव्या ओळीत येऊन पाहिले तर मोकळे राहिलेले ४, ६ आणि ७ हे तिन्ही स्तंभ माऱ्यातच. पाचव्या ओळीत आता दुसरा पर्याय उरला नाही, म्हणून चौथ्या ओळीत माघार. शेवटच्या तीन ओळींना तर हातही लागलेला नाही. १, ३, ५, २, ४ अशी सुरुवात असलेल्या मांडण्या, ओळीला एक वजीर एवढाच नियम पाळणाऱ्या ब्रूट फोर्समध्ये, ५१२ असतात, आणि तो सगळ्या पूर्ण रचून मग नाकारतो.

तुलनेतली दुसरी अडचण एककाची आहे. दोन हजारांचा आकडा, रिकामा पट धरून नेमका २,०५७, हा पूर्ण मांडण्यांचा नाही. त्यांतले बहुतेक पट अर्धवट आहेत, कुठे दोन वजीर ठेवलेले तर कुठे पाच, आणि पूर्ण झालेले फक्त ९२. शिवाय तिथे पोचेपर्यंत ‘हे घर सुरक्षित आहे का?’ हा प्रश्न १५,७२० वेळा विचारावा लागतो. क्रमबदलांशी तुलना केली तर पटांच्या हिशेबात फायदा साधारण वीसपट. आठच्या पटावर तो डोळ्यांना जाणवणारही नाही, दोन्ही प्रोग्रॅम क्षणात उत्तर देतील.

फरक कळतो तो पट मोठा केल्यावर. बारा वजिरांसाठी क्रमबदल ४७,९०,०१,६०० होतात, तर बॅकट्रॅकिंग ८,५६,१८९ पटांमध्ये काम संपवते. वीसपटीचे साडेपाचशे पट झाले. लेखात हे उदाहरण असते तर बॅकट्रॅकिंगचे श्रेय बॅकट्रॅकिंगला मिळाले असते. अर्थात तेही कुठवर पुरणार? बारावरून तेराच्या पटावर गेले की त्याचेही काम पाचपटीहून अधिक वाढते.

आता प्रोग्रॅमविषयी. तिरप्या माऱ्याची तपासणी लेखकांनी छान केली आहे. एका दिशेच्या तिरप्या रेषेवर ओळ आणि स्तंभ यांची बेरीज सारखी राहते आणि दुसऱ्या दिशेच्या रेषेवर वजाबाकी. त्यामुळे प्रत्येक जुन्या वजिराशी पुन्हा तुलना करावी लागत नाही. फक्त वजीर उचलून घेण्याची ओळ छपाईत गळली. ती घालून, नावे सुटसुटीत करून, पूर्ण प्रोग्रॅम असा:

```python
stambh, k1, k2 = set(), set(), set()

def mandani(r):
    if r == 8:
        return 1
    n = 0
    for c in range(8):
        if c in stambh or r+c in k1 or r-c in k2:
            continue
        stambh.add(c); k1.add(r+c); k2.add(r-c)
        n += mandani(r + 1)
        stambh.remove(c); k1.remove(r+c); k2.remove(r-c)
    return n

print(mandani(0))
```

`remove` ची ओळ नसेल तर वजीर पटावरून उचलला जातो, पण त्याचा मारा नोंदीत तसाच राहतो. भुताटकीच म्हणा ना! वर सांगितलेल्या वाटेने प्रोग्रॅम पाचव्या ओळीपर्यंत जातो, माघार घेतो, आणि मग प्रत्येक ओळीत कुठल्या तरी नसलेल्या वजिराला अडखळतो. शेवटी छापतो ०. चूक दाखवणारा संदेश येत नाही, प्रोग्रॅम अडकत नाही, म्हणून नवशिक्याला वाटते की कोड्याला उत्तरच नाही. तीच ओळ डावीकडे सरकून `for` च्या बाहेर गेली तर निदान `KeyError: 7` असे ओरडून तरी सांगते.

ज्यांनी तो प्रोग्रॅम उतरवून घेतला असेल त्यांच्यासाठी तपासण्याची सोपी रीत देतो. दोन्ही ठिकाणच्या ८ ऐवजी ४ घाला, उत्तर २ यायला हवे. ५ ला १०, ६ ला ४ आणि ८ ला ९२. पाचला जास्त आणि सहाला कमी, यात काही चुकलेले नाही, तो आकडा तसाच वर-खाली होतो.

पुढच्या अंकात शुद्धिपत्र देणार असाल तर एक विनंती, प्रोग्रॅम छापताना ओळींच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा जशाच्या तशा ठेवाव्यात. पायथॉनमध्ये त्या शोभेसाठी नसतात.

आपला,
संगणकशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक