तिचं खातं इतक्यात बंद करू नकोस

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

सूनबाई गेल्यावर आता तिची सगळी खाती एकदाची बंद करून टाकतो, असं काल फोनवर तू म्हणालास. बाळा, एवढ्यात तसं करू नकोस. बँकेतल्या नोकरीत मी वर्षानुवर्षं मृत खातेदारांचे दावे हाताळले, म्हणून हे सांगते आहे. तिच्या कंपनीकडून शेवटचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, कुठला परतावा असं काही यायचं असेल तर ते बहुधा त्याच खात्यात येईल. खातं बंद असलं की रक्कम परत जाते आणि ती पुन्हा मागत बसावी लागते.

आधी तिच्या खात्याचं आणि तुमच्या जोडखात्याचं मागच्या बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढ. पूर्ण वर्षाचं हवं, कारण काही हप्ते वर्षातून एकदाच जातात. एकेक ओळ वाच. पैसे गेलेली प्रत्येक ओळ म्हणजे एकतर थांबवायचा खर्च, नाहीतर कुठेतरी असलेल्या मालमत्तेचा माग. विम्याचा हप्ता दिसला तर पॉलिसी आहे, लॉकरचं भाडं दिसलं तर लॉकर आहे. बचत खात्याचं नेहमीचं व्याज सोडून दुसरं व्याज जमा झालेलं दिसलं तर मागे ठेव असू शकते.

खर्च थांबवतानाही क्रम सांभाळ. बँकेला मृत्यूची सूचना दिली की तिच्या एकटीच्या नावावरच्या खात्यातून आपोआप जाणारे पैसे थांबतात. वीजबिल किंवा घराचा हप्ता तिथून जात असेल तर तो चुकतो आणि दंड बसतो. म्हणून आधी असे हप्ते तुझ्या खात्यावर घे, मग दाखला देऊन सूचना दे. तिच्या कार्डातून किंवा पिन वापरून पैसे मात्र काढू नकोस. पुढे वारसाहक्काचा प्रश्न आला तर तेच अंगाशी येतं. तिच्या क्रेडिट कार्डाची थकबाकी मागायला कोणी आलं तर लगेच स्वतःच्या खिशातून भरू नकोस. तू सहकर्जदार किंवा जामीनदार आहेस का, ते कागद आधी बघ. नसशील, तर अशी देणी साधारणपणे तिने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून फेडायची असतात.

एक गोष्ट स्टेटमेंटमध्ये दिसणारच नाही. कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी काढलेला गट विमा. त्याचा हप्ता कंपनी भरते, त्यामुळे घरच्यांना त्याचा पत्ताच नसतो. तिच्या कार्यालयाला लेखी विचार आणि उत्तरही लेखीच घे. तसंच घराच्या कर्जाचं. कर्ज घेताना त्याला जोडून विमा उतरवला होता का, हे कर्जाच्या कागदांत शोध. या एका उत्तरावर तुझं पुढचं सगळं गणित फिरणार आहे. कसं ते बघ.

तुमचा महिन्याचा खर्च १०० भाग धरू. त्यात घराचा हप्ता ३०, वीज-इंटरनेट-देखभाल १०, किराणा २०, तिचा स्वतःचा खर्च १२, तुझा ८, छकुलीचा १४ आणि विमा ६. आता तिचा खर्च गेला, किराणा १५ वर आला, विमा ३ वर, वीज वगैरे ९. बाकीचं आहे तसंच. बेरीज ७९. माणूस गेलं म्हणून खर्च निम्मा होत नाही, छप्पर तेवढंच लागतं. शिवाय शाळा सुटल्यावर छकुलीला सांभाळायला कोणीतरी हवं, ते काम आजवर ती करायची. त्याचे ९ धर. झाले ८८. तुझा पगार ७० भागांचा असेल तर दरमहा १८ ची तूट, वर्षाला २१६.

पण कर्जाच्या विम्यातून सगळं कर्ज फिटलं, तर हप्त्याचे ३० जातात, खर्च ५८ वर येतो आणि तुझ्या पगारात भागतं. तेव्हा हे उत्तर येईपर्यंत घर विकायचं नाही आणि विम्याच्या इतर पैशांतून कर्जही फेडायचं नाही. हप्ता मात्र भरत राहा, दावा मंजूर होईपर्यंत तो चुकला तर कर्जावर थकबाकी चढते. मृत्यूनंतर भरलेले हप्ते परत मिळतात का, हेही त्याच पत्रात विचारून ठेव.

जे पैसे आधी हातात येतील त्यातले २१६ भाग, म्हणजे वर्षाची तूट, वेगळ्या बचत खात्यात ठेव आणि तिथून दरमहा १८ घे. उरलेले लहान मुदतीच्या ठेवीत टाक. या दिवसांत योजना घेऊन येणारे खूप भेटतील. मुलीच्या नावाने काही विकत असतील तरी सहा महिने कुठेही सही करू नकोस, अगदी नातलग असला तरी.

मृत्यूच्या दाखल्याच्या साक्षांकित प्रती जास्तच काढून घे, जवळजवळ प्रत्येक दाव्याला एक लागते. एका वहीत कुठे अर्ज दिला, कोणत्या तारखेला, पोच मिळाली का, एवढं लिहीत जा. कर्जाची फाईल सापडली की मला फोन कर, आपण दोघं मिळून वाचू.

तुझी,
आई