बॅकअप घ्या, पण ठेवायचा कुठे?

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतला रॅन्समवेअरवरचा लेख वाचला. 'रोज बॅकअप घ्या' हा सल्ला तीन वेळा दिलाय, आभारी आहोत. पण तो ठेवायचा कुठे, याबद्दल लेखकांनी मौन का पाळलं?

वागळे इस्टेटमधल्या ज्या कारखान्याचे हिशेब मी पाहतो, तिथे बॅकअप रोज रात्री दोनला होत होता. विक्रेत्याने नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेला डिस्कांचा डबा, बसवून दिला, वर त्या-त्या वेळच्या डेटाची स्थिती जपणारे स्नॅपशॉट चालू करून दिले आणि सर्व्हरचाच अॅडमिन पासवर्ड नॅसलाही ठेवला. लक्षात ठेवायला सोपा! शुक्रवारची सुट्टी साधून गुरुवारी रात्री कुणीतरी रिमोट डेस्कटॉपमधून आत शिरलं. त्या एका पासवर्डावर स्नॅपशॉट आणि बॅकअपचे जुने संच पुसले, मग सर्व्हरवरच्या फायलींना कुलूप लावलं. दोन वाजता बॅकअपने त्या कुलूपबंद फायली इमानेइतबारे उचलून नेल्या. एरवी काहीशे एमबी जायचे, त्या रात्री अख्खा डेटा गेला, कारण एकूणएक फाइल बदललेली. लॉगमधला असा फुगलेला आकडा म्हणजे धोक्याची घंटा, पण लॉग वाचतो कोण? विक्रेता तर म्हणाला, "साहेब, बॅकअप तर सक्सेसफुल दाखवतोय."

वाचवलं ते कॅशियरबाईंनी. त्या दर सोमवारी यूएसबी डिस्कवर प्रत घेत, वायर काढून डिस्क कपाटात ठेवत. डिस्क दोन, आलटून पालटून. म्हणजे एक कायम कपाटातच. मंगळवार ते गुरुवारची बिलं चलनांवरून पुन्हा भरावी लागली, एवढंच.

आता आम्ही क्लाउडवर 'ऑब्जेक्ट लॉक' घेतलंय, म्हणजे ठरलेल्या मुदतीपर्यंत प्रत पुसू न देणारं कुलूप. त्यासाठी व्हर्जनिंग चालू असावंच लागतं: नवी फाइल जुनीवर चढत नाही, शेजारी बसते. त्यातही 'गव्हर्नन्स' प्रकारात खास परवानगी असलेल्याला कुलूप काढता येतं. 'कंप्लायन्स'मध्ये मुदत संपेपर्यंत खात्याच्या मालकालाही ती प्रत पुसता येत नाही. मुदत मात्र सढळ हवी. चोर महिनाभर आत दबा धरून बसला आणि कुलूप आठवड्याचंच असलं, तर जुनी प्रत वाचेलच असं नाही. उलट फार लांबवली, तर जागेचं भाडं तोवर भरत बसा.

लेखात दाखले सगळे अमेरिकेचे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या व्हायरसने इथे जेएनपीटी बंदरात मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प केलं होतं, ते विसरलात? कोणाला आत येऊ द्यायचं हे ठरवणाऱ्या मर्स्कच्या जगभरच्या सर्व्हरांपैकी, म्हणजे डोमेन कंट्रोलरांपैकी, घानामधला एक वाचला, तोही वीज गेल्यामुळे जाळ्याबाहेर होता म्हणून.

विजेवरून आठवलं. ठाण्यात शुक्रवारी वीज बंद राहणार, ही सूचना आपण शनिवारच्या अंकात छापता. ती गुरुवारी छापता येईल का?

एक वाचक, नौपाडा, ठाणे