झोप की गुंगी?

सातारा
रविवार, रात्री

प्रिय दिगू,

तुझं पत्र मिळालं. शाळेच्या घसरगुंडीवरून पडलेली ती मुलगी बरी आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. तू शेवटी विचारलंयस, "पालकांना नेमकं काय सांगायचं?" हाच प्रश्न गेले दोन महिने माझ्याही डोक्यात घोळतोय, म्हणून आज सविस्तरच लिहितो. सोबत एक कागद जोडलाय. त्याबद्दल तुझी मदत हवी आहे, पण आधी तो कागद का लिहावा लागला ते सांगतो.

डोक्याला मार लागलेल्या मुलाला तपासून घरी पाठवताना आम्ही एक छापील चिठ्ठी देतो. आमची जुनी चिठ्ठी इंग्रजीत होती, आणि तिचं कुणीतरी केलेलं मराठी खाली चार ओळींत होतं. "रुग्णास निरीक्षणाखाली ठेवावे. तंद्री, वमन अथवा वर्तनात बदल आढळल्यास त्वरित संपर्क साधावा." मी ती चिठ्ठी स्वतः शेकडो लोकांच्या हातात दिली आहे. ती वाचून घरी काय होतं, हे मला एका रात्री कळलं.

साडेचार वर्षांचा मुलगा. संध्याकाळी साडेसहाला खेळताना ओट्यावरून खाली फरशीवर पडला. ओटा तीन-साडेतीन फुटांचा. पडल्याबरोबर मोठ्यानं रडला, म्हणजे शुद्ध गेली नव्हती. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. वीसेक मिनिटांनी एकदा उलटी झाली आणि आमच्याकडे आणेपर्यंत आणखी एकदा. मी तपासलं तेव्हा तो नीट बोलत होता, आईच्या कडेवरून माझ्या टॉर्चकडे हात टाकत होता. डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या, हातपाय ठीक, कानामागे काळंनिळं नाही, नाकाकानातून काही येत नाही.

वडिलांनी विचारलं, "डॉक्टर, सीटी स्कॅन का नाही करत?" बरोबर प्रश्न होता. अमेरिकेत बेचाळीस हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. त्यात मेंदूला खरोखर महत्त्वाची इजा झालेली मुलं शंभरात एकही भरली नाहीत. सीटीत लहान डोक्याला किरणांचा डोस बसतो, आणि हलणाऱ्या पोराला कधीकधी औषध देऊन झोपवावं लागतं. मूल शुद्धीत आहे, वागणं नेहमीसारखं आहे आणि काळजीची गोष्ट फक्त उलटी आहे, अशा वेळी काही तास लक्ष ठेवणं हीच तपासणी असते. म्हणून पडल्याच्या वेळेपासून चार तास होईपर्यंत त्याला आमच्यासमोर ठेवलं. पाणी दिलं, थोड्या वेळानं बिस्किट दिलं, ते पोटात राहिलं. अकराच्या सुमारास ती चिठ्ठी हातात देऊन घरी पाठवलं.

पहाटे साडेपाचला तीच माणसं धावत परत आली. आई रडत होती. "हा उठतच नाही हो."

झालं असं की घरी गेल्यावर शेजाऱ्यांपैकी कुणीतरी सांगितलं, डोक्याला मार लागल्यावर झोपू द्यायचं नसतं, झोपला की गेलाच. चिठ्ठीत "तंद्री" लिहिलेलंच होतं, त्यांनी त्याचा अर्थ झोप असा घेतला. मग त्या बिचाऱ्या पोराला टीव्ही लावून, तोंडावर पाणी मारून, उभं करून साडेतीनपर्यंत जागं ठेवलं. एरवी नऊला झोपणारं मूल. शेवटी आजीच्या मांडीवर तो जो कोसळला तो गाढ झोपला, आणि पाचला हलवलं तर हूं की चूं नाही. आता तुला कळेल यात काय वाईट झालं. झोप आणि गुंगी यांतला फरक हीच रात्री आपली सगळ्यात मोठी खूण, आणि तीच त्यांनी रात्रभर जागवून पुसून टाकली होती. मलाही दहा मिनिटं सांगता येईना की हा थकलाय की आत काही होतंय. उठवून बसवल्यावर तो चिडला, माझा हात झटकला, आईला बघून गळ्यात पडला, तेव्हा मी श्वास सोडला. तरी पुढचे काही तास त्याला पुन्हा ठेवून घ्यावं लागलं.

त्या भीतीला आधार नाही असं मात्र मी म्हणणार नाही. कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये एखादी रक्तवाहिनी फुटली तर रक्त हळूहळू साचत जातं. मूल आधी काही तास छान खेळतं, बोलतं, आणि दाब वाढला की गुंगीत जातं. जुन्या लोकांनी हे पाहिलं असणार आणि त्यातून "झोपू देऊ नका" आलं असणार. पण झोपेमुळे रक्तस्राव होत नाही. रक्तस्राव असेल तर त्यामुळे गुंगी येते. म्हणून मूल त्याच्या नेहमीच्या वेळेला झोपू द्यायचं, आणि पहिल्या रात्री मधून उठवून बघायचं.

उठवून बघायचं म्हणजे काय, हे कुठल्याच चिठ्ठीत नव्हतं. मी नव्या कागदावर तेच सगळ्यात मोठ्या जागेत लिहिलंय. त्या मुलाच्या बाबतीत मी सांगितलं असतं: एकदा एकच्या सुमाराला, एकदा चारला. नावानं हाक मारा, खांदा हलवा, गरज पडली तर उठवून बसवा. ठीक असलेलं मूल कुरकुरतं, डोळे उघडतं, तुम्हाला ओळखतं, "मला झोपू दे" म्हणतं किंवा हात ढकलतं, आणि स्वतःच कूस बदलून पुन्हा झोपतं. एवढं झालं की तुम्हीही झोपा. पण हाक मारून, हलवून, बसवूनही डोळे उघडत नसतील, उघडून लगेच मिटत असतील, मान टाकत असेल, आई समोर असून ओळखत नसेल, तर ती झोप नव्हे. तेव्हा सकाळची वाट बघायची नाही, 108 ला फोन करायचा.

शब्द निवडायला मला तीन आठवडे लागले. "तंद्री" कुणालाच कळत नाही. "सुस्ती" म्हटलं की आयांना जेवल्यानंतरची सुस्ती आठवते. "बेशुद्ध" लिहिलं तर लोक खरोखर बेशुद्ध पडेपर्यंत थांबतात. वॉर्डातल्या मावशींनीच सोडवलं ते कोडं. त्या म्हणाल्या, "गुंगी लिहा की डॉक्टर, गुंगीचं औषध सगळ्यांना ठाऊक असतं."

आता उलटीबद्दल. आम्हा डॉक्टरांच्या नियमांत एक आकडा आहे: तीन किंवा जास्त वेळा, वेगवेगळ्या झालेल्या उलट्या. हा आकडा आम्ही स्कॅनचा निर्णय घेताना वापरतो. एका दमात चार उमाळे आले तरी ती एकच उलटी, मध्ये बरं वाटून पुन्हा झाली तर दुसरी. मी पहिल्या मसुद्यात पालकांसाठीही "तीन" लिहिलं आणि वॉर्डात एका बापाला वाचायला दिलं. तो म्हणाला, "म्हणजे दोन झाल्या तरी घरीच थांबायचं ना?" मी आकडाच खोडला. पडल्यावर पहिल्या तासाभरात रडून, घाबरून, नुकत्याच जेवलेल्या मुलाला एखादी उलटी होते, ते नेहमीचं आहे. ती घेऊनच मूल आमच्याकडे आलेलं असतं. पण तपासून घरी पाठवल्यानंतर नव्यानं उलटी झाली तर मोजत बसायचं नाही, परत यायचं. डोकं जास्त दुखत असेल किंवा मूल मलूल असेल तर वाटेतही रेंगाळायचं नाही.

तान्ह्या बाळांचं वेगळं लिहावं लागलं. बाळ दूध पिऊन थोडं बाहेर टाकतं ती गुळणी, तिला उलटी समजायची नाही. पण बाळ अंगावर पितच नसेल, कडेवर घेऊन, पाजूनही रडणं थांबत नसेल, किंवा शांत बसलेल्या बाळाची टाळू फुगलेली वाटत असेल तर आणायचं. आणि एक गोष्ट मी ठळक केली आहे, कारण तिथे माणसं चुकतात. कपाळावरचं टेंगूळ मोठं दिसतं, पण बहुधा निरुपद्रवी असतं. वर्षाच्या आतल्या बाळाच्या डोक्याच्या बाजूला किंवा मागे मऊ, पिचपिचीत सूज हाताला लागली, मग ती दुसऱ्या दिवशी का दिसेना, तर दाखवायलाच हवं. तिथे खाली कवटीला तडा असू शकतो. आमच्याकडे एक आठ महिन्यांचं बाळ तिसऱ्या दिवशी आलं. पलंगावरून पडलं होतं. आजी रोज त्या सुजेला तेल लावून दाबून बसवत होती, मनापासून. बाळ वाचलं, पण त्या घरात कुणाला काही माहीत नव्हतं याचा दोष मी त्या आजीला कसा देऊ?

सुजेवर कपड्यात गुंडाळलेला बर्फ चालतो. हळद-चुना, चोळणं, दाबणं नको. दुखण्यासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल पुरे. घरात पडलेलं सर्दी-खोकल्याचं सिरप मात्र त्या दोन दिवसांत देऊ नये, त्यातल्या बऱ्याच सिरपांनी गुंगी येते आणि मग पुन्हा तोच गोंधळ. उलटी थांबवायचं औषधही आपल्या मनानं नको, खूण झाकली जाते.

बाकीच्या खुणा कागदावर आहेतच: झटका आला, चालताना तोल गेला, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा वाटला, बोलणं अडखळलं, डोकेदुखी वाढत गेली, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं पातळ काही येत राहिलं. झटका आला तर कुशीवर झोपवायचं, तोंडात पाणी, चमचा, काही घालायचं नाही. कांदाही नाकाशी धरायचा नाही. पहिले दोन दिवस नीट लक्ष ठेवायचं, त्यातही पहिली रात्र महत्त्वाची.

तुझ्याकडून हवंय ते असं. हा कागद शाळेत पालकसभेत मोठ्यानं वाच. समजलं का असं विचारू नकोस, सगळ्या हो म्हणतील. एखाद्या आईला विचार, "रात्री एक वाजता तू काय करशील?" आणि ती काय म्हणते ते शब्दशः लिहून पाठव. जिथे ती थांबेल, चाचरेल, तिथे माझं वाक्य बदलायचंय. छापायला द्यायच्या आधी महिनाभर वेळ आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. त्या घसरगुंडीखाली वाळू टाकून घेतलीस का?

तुझा,
अनिल