पाळी थांबली म्हणजे दिवस जाणार नाहीत, असं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत ट्रान्स पुरुषांवर लेख आला होता, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झाली पण जे पुरुष आहेत त्यांच्यावर. लेख चांगला होता, पण त्यात एक वाक्य होतं की टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन सुरू केल्यावर पाळी बंद होते आणि मूल होण्याची शक्यता संपते. यातलं पहिलं बरोबर आहे, दुसरं चूक आहे. मी 22 वर्षं कुटुंब नियोजन विभागात सिस्टर आहे आणि या एका वाक्यामुळे काय होतं ते मी समोर बसून बघितलंय, म्हणून लिहितेय. ज्याची गोष्ट सांगतेय त्याला विचारूनच सांगतेय, नाव-गाव काही देत नाही.

पंचविशीतला मुलगा, बारीक दाढी, आवाज चांगला घोगरा झालेला. दर तीन आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉनचं 250 चं इंजेक्शन, ही मुलं त्याला नुसतं 'टी' म्हणतात. चौथ्या महिन्यात पाळी थांबली, त्यालाही आता वर्ष होत आलेलं. एका ठिकाणी दोन आठवडे त्याच्यावर ॲसिडिटीचे उपचार चालले होते, कारण सकाळी मळमळायचं आणि जेवण जात नव्हतं. आमच्याकडे आला तेव्हा मी विचारलं, पार्टनर कोण आहे? म्हणाला, पुरुष आहे सिस्टर. काही वापरता का? तर म्हणाला, "टी चालू आहे ना, मग कशाला?" लघवीची टेस्ट केली, दोन रेघा आल्या. तो कितीतरी वेळ त्या पट्टीकडे नुसता बघत बसला आणि मग म्हणाला, सिस्टर, टी मुळे टेस्ट चुकत असेल का? नाही चुकत. ती टेस्ट गर्भारपणात तयार होणारं वेगळं हार्मोन बघते, टेस्टोस्टेरॉनचा तिच्याशी संबंध नाही. सोनोग्राफीत सात आठवडे निघाले.

आता हे होतं कसं ते सांगते. टेस्टोस्टेरॉन मेंदूकडून अंडाशयाला जाणारा सिग्नल दाबतं आणि गर्भाशयाचं अस्तरही पातळ करतं. अस्तर जाड झालं नाही की रक्तस्राव नाही. पण रक्त न येणं आणि बीज न सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजेक्शनला उशीर झाला, एखादा डोस चुकला, किंवा दोन इंजेक्शनच्या मधले शेवटचे दिवस असले की लेव्हल खाली येते आणि एखादं बीज पिकून सुटू शकतं, आणि डोस वेळेवर असला तरी सुटणारच नाही याची खात्री कोणी देऊ शकत नाही. बीज सुटतं आधी, पाळी येते त्यानंतर, त्यामुळे वाट बघणाऱ्याला कळायच्या आत दिवस गेलेले असतात. 2014 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला, त्यासाठी गरोदर राहिलेल्या 41 ट्रान्स पुरुषांची माहिती गोळा केली होती, त्यात टेस्टोस्टेरॉनमुळे बंद झालेली पाळी परत यायच्या आधीच दिवस गेलेलेही काही जण होते.

त्याला मूल नको होतं. गर्भपात कायद्याच्या अर्जावर सगळीकडे 'स्त्री', 'पतीचे नाव' असंच छापलेलं, तो म्हणाला हे मी कसं भरू? सुप्रीम कोर्टाने 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात स्पष्ट म्हटलंय की या कायद्यातल्या 'स्त्री' या शब्दात ज्याला गर्भपाताची गरज पडू शकते अशी इतर व्यक्तीही येते. ते मी डॉक्टरांना सांगितलं, पतीच्या नावाची जागा कोरी सोडली, गोळ्या दिल्या, पंधराव्या दिवशी तपासलं, सगळं नीट झालं. हेच त्याने मूल ठेवायचं ठरवलं असतं तर टेस्टोस्टेरॉन त्याच दिवशी थांबवावं लागलं असतं, कारण पोटातलं बाळ मुलगी असेल तर त्याचा परिणाम तिच्या जननेंद्रियांच्या वाढीवर होतो.

मग पुढे काय वापरायचं यावर आम्ही तासभर बोललो. माला-एन सारख्या गोळ्यांत इस्ट्रोजेन हे स्त्रियांचं हार्मोन असतं, ते या मुलांना नको असतं आणि डॉक्टरही शक्यतो टाळतात. 'अंतरा' नावाचं गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, सरकारीत फुकट, त्यात इस्ट्रोजेन नाही. हार्मोनवाली तांबी गर्भाशयातच काम करते आणि रक्तस्राव कमी करते, फक्त प्रायव्हेटमध्ये तिला पैसे पडतात. साध्या कॉपर टी मध्ये हार्मोनच नाही, 380 ए दहा वर्षं चालते, पण सुरुवातीला पोटात कळा आणि थोडं रक्त येऊ शकतं आणि ज्याला पाळी बंद झाल्याचाच आनंद आहे त्याला ते जड जातं, म्हणून हे आधीच सांगायला पाहिजे. त्याने तरी कॉपर टी च घेतली. टेस्टोस्टेरॉनमुळे योनीची त्वचा कोरडी आणि नाजूक झालेली असते, घाईत बसवली तर फार दुखतं. आम्ही दोन आठवडे आतून लावायला इस्ट्रोजेनची क्रीम दिली, तेवढ्याने दाढी जाणार नाही हे तीन वेळा समजावलं, तोवर कंडोम, आणि मग आतून तपासायच्या सगळ्यात लहान साधनाने, म्हणजे स्पेक्युलमने, सावकाश बसवली. आणि हो, ऐनवेळची 72 तासांची गोळी टी चालू असली तरी घेता येते.

याच चुकीच्या वाक्याची दुसरी बाजू अजून वाईट आहे. "मूल होणारच नाही" असं गृहीत धरल्यामुळे पहिलं इंजेक्शन द्यायच्या आधी त्याला कोणी विचारलंच नाही की बाबा, बीजं ठेवून द्यायची आहेत का? ती ठेवायची तर टी सुरू करायच्या आधीचा काळ सगळ्यात सोपा. दहा-बारा दिवस पोटात इंजेक्शनं, मध्ये तीन-चार वेळा आतून सोनोग्राफी, मग शेवटचं इंजेक्शन आणि त्यानंतर साधारण 36 तासांनी भूल देऊन बीजं काढतात. या दिवसांत इस्ट्रोजेन वाढतं, छाती दुखते, ते या मुलांना सहन होत नाही, म्हणून सोबत लेट्रोझोल देऊन ते कमी ठेवता येतं. टी सुरू झालेली असेल तर बहुतेक ठिकाणी आधी काही महिने थांबवायला लावतात. खर्च लाखाच्या पुढे, शिवाय दरवर्षीचं भाडं वेगळं. आणि मूल होण्यासाठीच्या अशा उपचारांचा 2021 चा एआरटी कायदा उपचार घेणारे म्हणून 'स्त्री' आणि 'विवाहित जोडपं' यांनाच धरतो, ट्रान्स पुरुषाचा उल्लेखच नाही, म्हणून कागदोपत्री लिंग बदलायच्या आधी वकिलाला विचारून घ्या असं मी प्रत्येकाला सांगते.

टी थांबवल्यावर अनेकांची पाळी परत येते आणि मूलही होऊ शकतं. केरळच्या झहाद यांनी उपचार थांबवून फेब्रुवारी 2023 मध्ये कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजमध्ये बाळाला जन्म दिला, ते सगळ्या देशाने वाचलं. पण परत येईलच अशी हमी कोणी देत नाही.

तेव्हा तुमच्या लेखातलं ते वाक्य पुढच्या रविवारी दुरुस्त करून छापा ही विनंती. तो मुलगा कॉपर टी चे दोरे तपासायला सहा आठवड्यांनी आला होता, जाताना दारातून मागे वळून म्हणाला, "सिस्टर, हे मला पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी कोणीतरी सांगायला पाहिजे होतं."

आपली,
एक सिस्टर, नाशिक