गर्भचाचणीची फसवी रेषा : यादीतली औषधे आणि खरे औषध

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रेग्नन्सी टेस्ट खोटी पॉझिटिव्ह आणणाऱ्या औषधांच्या याद्या वरचेवर छापून येतात. त्यांत प्रतिजैविके, वेदनाशामके, गर्भनिरोधक गोळ्या, मळमळीची, झोपेची आणि फिट्सची औषधे एकाच ओळीत बसवलेली असतात. ही यादी वाचून एखादी स्त्री खरी रेषा ‘गोळ्यांमुळे आली असेल’ म्हणून सोडून देते, हा त्यातला खरा धोका. म्हणून हे पत्र.

आधी चाचणी काय पाहते ते सांगतो. कार्डच्या पट्टीत दोन प्रकारची प्रतिद्रव्ये असतात. एक रंगीत कणांना चिकटलेले, लघवीबरोबर वाहत जाणारे. दुसरे ‘टी’ रेषेवर पक्के बसवलेले. गर्भ रुजल्यावर शरीरात तयार होणाऱ्या एचसीजी या संप्रेरकाचा रेणू एका टोकाने पहिल्याला आणि दुसऱ्या टोकाने दुसऱ्याला धरतो, तेव्हाच तिथे रंग साठतो. क्रोसिन किंवा अमॉक्सिसिलिनचा रेणू असा पूल बांधू शकत नाही. गर्भनिरोधक गोळ्यांत एचसीजी नसतेच. क्लोमिफीन, लेट्रोझोल, प्रोजेस्टेरॉन यांतही नसते. प्रोजेस्टेरॉन पाळी मात्र लांबवते, त्यामुळे संशय वाढतो. रेषा त्याने उमटत नाही. प्रोमेथाझिन, क्लोरप्रोमाझिन यांच्या माहितीपत्रकांत गर्भचाचणीविषयी इशारा आजही छापलेला असतो. तो मुख्यतः जुन्या पद्धतीच्या चाचण्यांच्या काळातला आहे. आजच्या कार्डवर रेषा आली की पहिला संशय या गोळ्यांवर घेऊ नये.

मग खरे औषध कोणते? खुद्द एचसीजीचे इंजेक्शन. वंध्यत्वाच्या उपचारात स्त्रीबीज पिकून बाहेर पडावे म्हणून ते देतात; बोलीभाषेत ‘ट्रिगर’. मात्रा बहुधा 5,000 किंवा 10,000 युनिट. औषध म्हणून टोचलेले आणि गर्भाच्या वारेतून आलेले, यांत कार्डला फरक कळत नाही. तेव्हा ही रेषा तांत्रिकदृष्ट्या बरोबरच असते, चुकतो तो तिचा अर्थ.

हिशोब करून पाहू. समजा इंजेक्शननंतर रक्तातली पातळी 200 मिली-युनिटपर्यंत गेली आणि दर दीड दिवसाला निम्मी होत गेली. साडेचार दिवसांनी 25, सहाव्या दिवशी सुमारे 12, नवव्या दिवशी 3 उरते. बरीच कार्डे 25 च्या आसपास रेषा दाखवतात, काही 10 वरही फिकट दाखवतात. पण निचरा प्रत्येकीचा सारखा नसतो. तीच पातळी अडीच दिवसांनी निम्मी होत असेल, तर दहाव्या दिवशीही 12 शिल्लक असते आणि संवेदनशील कार्ड फिकट रेषा दाखवते. मात्रा मोठी, निचरा मंद, तर चौदा दिवसांपर्यंतही अंश राहू शकतो.

गोंधळ नेमका इथे होतो. ट्रिगरनंतर साधारण 36 तासांनी बीज बाहेर पडते आणि गर्भ रुजण्यास त्यापुढे सहा ते बारा दिवस लागतात. म्हणजे औषध उतरत असताना खरे एचसीजी चढू लागण्याची वेळही तीच. दहाव्या दिवशी रक्ततपासणीत 14 आले, तर या एका आकड्यावरून काहीच ठरत नाही. बाराव्या दिवशी 30 आले तर वाढ खरी. औषध आपोआप वाढत नाही. 8 आले, तर दहाव्या दिवशीचे 14 निदान बऱ्याच अंशी औषधाचे होते इतकेच कळते. गर्भ नाही असे नव्हे. उशिरा रुजलेला गर्भ चौदाव्या दिवशी तोच आकडा 20 वर नेऊ शकतो. म्हणून अनेक डॉक्टर रक्ताची तारीख ट्रिगरपासून दोन आठवड्यांनंतरची देतात. घरी रोज कार्ड लावून रेषा फिकट होतेय की गडद हे पाहण्यात फारसा अर्थ नाही: लघवी किती दाट आहे त्यावरही रंग बदलतो, आणि पाकिटावर सांगितलेल्या वेळेनंतर वाचलेली करडी रेषा तर मोजूच नये.

एक गोष्ट हमखास राहून जाते. ट्रिगरनंतर आधार म्हणून काही दिवसांच्या अंतराने 1,500 किंवा 2,000 युनिटची छोटी इंजेक्शने देण्याचीही पद्धत आहे. तसे असेल तर दिवस शेवटच्या इंजेक्शनपासून मोजायचे.

औषधांखेरीजच्या कारणांपैकी दोनच घेतो. पहिला प्रकार रक्तचाचणीचा. काहींच्या रक्तात अशी प्रतिद्रव्ये असतात की ती एचसीजी नसतानाही चाचणीतल्या दोन प्रतिद्रव्यांना जोडतात, आणि यंत्र आकडा देते. हे रेणू मोठे असल्याने लघवीत उतरत नाहीत. तेव्हा रक्तात 80, लघवीचे कार्ड निगेटिव्ह, सोनोग्राफीत काही नाही आणि आठवडाभर आकडा जवळपास तिथेच, असे चित्र दिसले की लॅबला नमुना पातळ करून पुन्हा मोजायला सांगावे. खरे एचसीजी असेल तर दुप्पट पातळ केल्यावर 40 च्या आसपास येते. 70 किंवा 10 आले तर घोळ चाचणीत आहे. दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर तपासणी हाही चांगला उपाय. 1990 च्या दशकात अमेरिकेत अशाच फसव्या आकड्यांवरून काही स्त्रियांना कर्करोग समजून केमोथेरपी दिली गेली, काहींचे गर्भाशयही काढले गेले. लघवीची साधी चाचणी तेव्हाही उपलब्ध होती.

दुसरा, रजोनिवृत्तीच्या सुमाराचा. या वयात पिट्युटरी ग्रंथी स्वतःच थोडे एचसीजी सोडते. शस्त्रक्रियेआधीच्या रक्ततपासणीत 8 किंवा 10 आकडा दिसतो आणि शस्त्रक्रिया खोळंबते. सोबत एफएसएच हे पिट्युटरीचेच, अंडाशयाला चालना देणारे संप्रेरक भरपूर वाढलेले असेल तर उगम तिथला असण्याची शक्यता मोठी. घरच्या कार्डवर इतक्या कमी पातळीला सहसा रेषा येत नाही.

गर्भपातानंतर काही आठवडे राहणारी रेषा, द्राक्षगर्भ किंवा अंडाशयातल्या काही गाठी यांत एचसीजी खरेच शरीरात असते. ते ‘खोटी पॉझिटिव्ह’ म्हणून झटकण्याचे प्रकार नव्हेत. रेषेबरोबर एका बाजूला पोटात दुखणे, रक्तस्राव, चक्कर किंवा खांद्यात कळ असेल, तर ट्रिगर घेतलेला असो वा नसो, दोन दिवसांनी पुन्हा रक्त देण्याची वाट पाहू नये. गर्भ नलिकेत असू शकतो; त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

लॅबच्या फॉर्मवर शेवटच्या एचसीजी इंजेक्शनची तारीख, वेळ आणि मात्रा लिहायला रुग्णाला सांगावे, आणि दुसरे रक्त शक्यतो त्याच लॅबमध्ये द्यावे; वाढ की घट हे ठरवताना वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

आपले,
स्त्रीरोग व पॅथॉलॉजी क्षेत्रांत काम करणारे दोन वाचक